मागून नेण्याजोगं सोनं

आमच्या घरात पोर्टफोलिओ हा शब्द मी आणला. त्याआधी आमच्याकडं पैसे असायचे किंवा नसायचे, आणि बहुतेक वेळा नसायचे, त्यामुळं त्याला वेगळं नाव द्यायची गरज कोणाला पडली नव्हती. मी बोथ गावाकडच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते आणि राहते आदिलाबादेत. पगारवाढीची थकबाकी एकरकमी खात्यात जमा झाली, त्याच सुमारास शिक्षकांसाठी ठेवलेलं गुंतवणुकीवरचं एक ऑनलाइन व्याख्यान मी ऐकलं. तेही अर्धंच, कारण मधेच वीज गेली. पण ते अर्धं मला इतकं पुरलं, की आठवडाभरात उरलेलं अर्धं मी स्वतःच स्टाफरूममध्ये द्यायला लागले.

घरात माझे श्रोते दोन. एक नवरा, तो तहसील कचेरीत कारकून आहे. दिवसभर लोकांच्या अर्जांवर 'बघू' म्हणायची सवय असल्यामुळं घरीही त्याचं तेच चालतं. दुसऱ्या माझ्या सासूबाई, आत्याबाई. त्यांचं आयुष्य लोकांच्या शेतात कापूस वेचण्यात आणि निंदण्यात गेलं. मुलाला शिकवलं, त्याला नोकरी लागली, आणि तेव्हापासून त्यांनी विळा ठेवून दिला. त्यांना लिहितावाचता येत नाही, आणि मला कोणाला तरी शिकवल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळं आमचं एकमेकींशी बरं चालतं, म्हणजे मी बोलते आणि त्या ज्वारी निवडतात.

तर मी आलेखाच्या कागदावर एक वर्तुळ काढलं आणि त्याच्या फाका केल्या. एवढं मुदत ठेवीत, एवढं शेअरच्या फंडात, आणि दहा टक्के सोन्यात. ती सोन्याची फाक मी पिवळ्या खडूनं रंगवली. मग विषय आला तो हा, की सोनं घ्यायचं कोणत्या रूपात.

"दागिना घ्या ना," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही.

मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. मी त्यांना दागिन्यातला तोटा समजावला. घेताना सोन्याच्या भावावर घडणावळ द्यावी लागते. आमच्याकडचे सराफ ज्याला तेलुगूत तरुगू म्हणतात ती घटीची रक्कम वेगळी. या सगळ्यावर जीएसटी. विकायला गेलं की हे सगळं बुडतं, आणि फक्त सोन्याचं तेवढं मोजून मिळतं. घरात ठेवलं तर चोराची भीती, लॉकरमध्ये ठेवलं तर लॉकरचं भाडं. त्यापेक्षा सोन्याचा फंड बरा. तो थोड्या पैशांतही घेता येतो आणि हवा तेव्हा विकता येतो. फक्त फंडवाले दरवर्षी आपला खर्च कापून घेतात आणि नफ्यावर कर बसतो. आणि सगळ्यांत शहाणा मार्ग म्हणजे सरकारी सुवर्ण रोखे. ते रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीनं काढते. ग्रॅमच्या हिशेबानं घ्यायचे, आठ वर्षांनी त्या वेळच्या भावानं पैसे परत, आणि मुदत संपेपर्यंत ठेवले तर त्या नफ्यावर कर नाही. वर आपण भरलेल्या रकमेवर वर्षाला अडीच टक्के व्याज, दर सहा महिन्यांनी खात्यात जमा. व्याजावर कर आहे, पण घडणावळ नाही, तरुगू नाही, चोर नाही.

"आन् मोडायचं आसंन तं?" आत्याबाईंनी विचारलं.

"पाच वर्षांनंतर मोडता येतं, तेही व्याजाच्या तारखेला. पण मोडायचं कशाला?"

असं मी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढं गेले. वर्गातही मी असंच करते.

सोन्याच्या फाकेचे चार हिस्से केले, तीन रोख्यांत घातले आणि एक हिस्सा फंडात. तोही केवळ व्याख्यानातल्या बाईंनी 'सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका' असं म्हटलं होतं म्हणून. दागिन्यांपुढं मी शून्य लिहिलं. त्या फेब्रुवारीत रोख्यांची विक्री निघाली होती. बँकेच्या साइटवरून घेतले म्हणून ग्रॅममागं पन्नास रुपये सूट मिळाली, आणि ती मी शाळेत इतक्यांना सांगितली की हेडमास्तरांनी मला ग्रॅमबाई म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर सरकारनं नवे रोखे काढलेच नाहीत. म्हणजे शेवटची गाडी मी पकडली होती. हा निव्वळ योगायोग होता, पण मी तो दूरदृष्टी म्हणून खपवला.

सहा महिन्यांनी व्याजाचा पहिला मेसेज आला. मी तो आत्याबाईंना वाचून दाखवला.

"सोन्याचं व्याज?"

"हो."

"सोनं जागच्या जागी, आन् वरून पैसे?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी सुपातली ज्वारी बाजूला ठेवली. "सोनं कोठी हाय मंग?"

आता इथं मी काय सांगायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे. रोखा म्हणजे सोनं नव्हे, सोन्याच्या भावाचं सरकारी वचन आहे, हे सांगायला पाहिजे होतं. पण मला घाई होती. बोथची बस निघायची वेळ झाली होती, आणि समोरची बाई पहिल्यांदाच माझ्या गुंतवणुकीवर खूश दिसत होती. मी म्हटलं, "बँकेत आहे."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत बातमी पसरली की मास्तरीणबाईनं सोनं केलं, ते बँकेत ठेवलं, आणि ते तिथं बसल्या बसल्या पिल्लं देते.

आमच्या गल्लीची एक रीत इथं सांगायला हवी, कारण माझं सगळं अर्थशास्त्र पुढं त्या रीतीवर आपटलं. आमची वस्ती बहुतेक शिक्षक, कारकून, शिपाई अशा लोकांची. एका पिढीपूर्वी सगळे शेतमजूर. कोणाकडंच सगळे दागिने नाहीत. लग्न निघालं की नवरीची आई किंवा आजी भर दुपारी ज्या घरी हार आहे त्या घरी जाऊन बसते. पाऊसपाणी, कापसाचा भाव, कोणाची बदली, सगळं बोलून होतं. उठता उठता ती म्हणते, "लगनापुरता हार देता का वो?" घरवाली लगेच हो म्हणत नाही. "पाहते," म्हणते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या एका बाईसमोर हार रुमालात बांधून दिला जातो. ही तिसरी बाई म्हणजे आमची नोंदणी कचेरी. हार हरवल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण कोणत्या घरात हार आहे आणि कोणत्या घराला मागावा लागतो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगतं. देणारी घरं मोजकी, मागणारी बाकी सगळी.

आत्याबाई जन्मभर मागणाऱ्यांत होत्या. स्वतःच्या लग्नात त्यांनी मागून आणलेली एकदाणी घातली होती, म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. माझ्या लग्नातला माझ्या गळ्यातला हारही त्यांनीच मागून आणला होता. ते मला फोटो धुऊन आल्यावर कळलं.

त्यांची एक मैत्रीण आमच्याच गल्लीत राहते. दोघी तरुणपणी एकाच शेतात निंदायला जायच्या. त्या म्हातारीच्या नातीचं लग्न ठरलं. दोघी ओट्यावर बसल्या होत्या, मी आत वह्या तपासत होते. म्हातारी म्हणाली की हाराचं पाहावं लागंन, कोपऱ्यावरच्या बाईचा हार आधीच दुसऱ्या लग्नात गेलाय.

"काऊन पाह्यतं?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घरी हाय ना. नेजो."

म्हातारीनं मागितलं नव्हतं. आत्याबाईंनी 'पाहते'सुद्धा म्हटलं नाही. गल्लीच्या इतिहासात असं कधी झालं नसेल. माझ्या हातातला लाल पेन एका बरोबर उत्तरावर काट मारून थांबला.

म्हातारी गेल्यावर मी बाहेर आले. "आत्याबाई, हार कुठला?"

"तुहं सोनं हाय ना बँकेत. आन ते घरी."

मग मला सांगावं लागलं. वर्तुळ नाही, खडू नाही. बँकेत सोनं नाही. माझ्या नावावर इतक्या ग्रॅमची नोंद आहे, आणि आठ वर्षांनी मला पैसे मिळतील, सोनं नाही.

"म्हंजे सोनं नाईच?"

"आहे. पण ते सरकारच्या वचनात आहे."

"मंग सरकारले सांग, पोट्टीचं लगन हाय म्हना."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्या लक्षात आलं की त्या विनोद करत नव्हत्या. ज्या माणसानं जन्मभर दारोदार जाऊन मागितलं आणि लोकांनी पाहून-पाहून का होईना दिलं, त्याला सरकार हे फक्त जरा मोठ्या घरासारखं वाटणार.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." मग स्वतःच म्हणाला, "रोखे मोडता येत नसतीन तं त्याच्यावर कर्ज काढ ना." हे त्याच्या मानानं फार मोठं भाषण होतं, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. रोखे तारण ठेवून कर्ज मिळतं, म्हणाले. कशासाठी हवंय?

"सोनं घ्यायला," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. सोनं विकत घेण्यासाठी बँक कर्ज देत नाही, तसा नियमच आहे, म्हणाले. आणि मग जरा वेळानं, "मॅडम, तुमच्याकडं सोनं आहे, ते तारण ठेवून तुम्हाला सोनं घ्यायचंय?" असं म्हणाले. मी गणिताची शिक्षिका आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मुलीला मी शिकवलंय. मी बाजारात विकण्याबद्दल विचारलं. तर रोखे शेअर बाजारात विकता येतात, पण त्यासाठी ते डीमॅट खात्यात हवेत. मी डीमॅट काढलं नव्हतं. का नव्हतं, तर त्याचं वर्षाचं शुल्क वाचवलं होतं, आणि तेही शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. आता खातं काढून, रोखे त्यात वळवून, गिऱ्हाईक मिळेपर्यंत लग्न होऊन नवरीचं पहिलं माहेरपणही आटोपलं असतं.

घरी आले तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. अंगावर धुतलेलं लुगडं, पायात चपला.

"कुठं निघालात?"

"तिच्याकडं. सांगून येतो का नाई म्हना. दुसरीकडं पाहा म्हना."

त्या उंबऱ्याशी उभ्या होत्या, पण पाय बाहेर पडत नव्हता. एक हात चौकटीवर होता. मैत्रिणीच्या घरी जायला त्यांना चाळीस पावलंसुद्धा चालावं लागत नाही. त्या सकाळपासून अशाच दोनतीनदा उठून पुन्हा बसल्या असाव्यात, कारण चहाचा कप तसाच साय धरून पडला होता. मला तेव्हा फार वाईट वाटलं. राग आला तो माझा मलाच. या बाईला एकदा, फक्त एकदा, देणाऱ्यांत बसायचं होतं, आणि मी तिला अडीच टक्के व्याज वाचून दाखवलं होतं.

"बसा," मी म्हटलं. "आपण हार घेऊ."

"पैसे कोठी हायेत?"

पैसे होते. त्या चौथ्या हिश्शात, सोन्याच्या फंडात, ज्याला मी टोपलीतलं उगाचचं अंडं समजत होते. मी तिथल्या तिथं फोन काढला आणि सगळी युनिट विकायला टाकली. वर्षभरात सोन्याचा भाव चांगला चढला होता, त्यामुळं रक्कम मी घातली होती त्याहून बरीच वाढली होती. दोन वर्षं पुरी झाली नव्हती, म्हणून तो नफा पगारात मिळवून त्यावर कर बसणार होता. ते मी मनात बोलले, मोठ्यानं नाही. कामकाजाच्या तीनचार दिवसांत पैसे खात्यात आले. पाच मिनिटांत विकता येतो हा फंडाचा गुण मी व्याख्यानात नेहमी शेवटी, घाईघाईत सांगत असे.

सराफाच्या दुकानात मी जाताना पूर्ण तयारीनं गेले. मोबाइलवर हॉलमार्क तपासायचं अ‍ॅप घेतलं होतं, आणि कमी घडणावळ कशावर पडते ते वाचून ठेवलं होतं. गादीवर बसल्या बसल्या मी सराफाला म्हटलं, "आधी नाणी दाखवा."

"नानी?" आत्याबाई म्हणाल्या. "पोट्टीच्या गळ्यात रुपया बांधून पाठवतं का?"

सराफ खाली मान घालून हसला. मग मी साध्या साखळ्यांवर आले. त्याही बाद झाल्या. मग तो खरंच हार काढू लागला. मी प्रत्येक हाराला एकच प्रश्न विचारत होते, "तरुगू किती?" आणि तो प्रत्येक वेळी, "मॅडम, डिझाइन पाहा ना आधी," म्हणत होता. आत्याबाई मात्र डिझाइनही पाहत नव्हत्या आणि तरुगूही ऐकत नव्हत्या. त्या हार उलटा धरून त्याची मागची कडी पाहत होत्या. आकडा काढायच्या, घालायच्या, ओढून पाहायच्या. पदराच्या टोकावर हार घासून धागा अडकतो का ते पाहायच्या. एक हार मला फार आवडला होता. तो त्यांनी परत केला. म्हणाल्या, याची कडी पक्की नाही.

शेवटी त्यांनी एक निवडला. पुढं सोन्याची पानं, आणि मागं गोंड्याची रेशमी दोरी, सरकवून लांब-आखूड करता येईल अशी.

"हा बारीक मानेलेबी बसंन, आन् भरल्या मानेलेबी," त्या म्हणाल्या.

सराफानं आरसा पुढं केला. "घालून पाहा ना आजी."

"मले कायले?" त्या म्हणाल्या, आणि आरसा माझ्याकडं वळवला. मी घालून पाहिला, तर त्यांनी माझ्या मानेवरची दोरी सरकवून फक्त ती कुठवर जाते ते पाहिलं. हार मला कसा दिसतो हे कोणी बोललं नाही. खरं म्हणजे बरा दिसत होता.

बावीस कॅरेट, हॉलमार्क, अ‍ॅपवर नंबर जुळला. मी बिलाच्या पाठीवर गणित केलं. फंडातून निघून हारात शिरेपर्यंत घडणावळ, तरुगू आणि जीएसटी धरून दर सात रुपयांतला एक रुपया वाटेतच सांडला होता. नफ्यावरचा कर वेगळा. हे मी रिक्षात आत्याबाईंना सांगितलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

"सांडला तं सांडला," त्या म्हणाल्या. हार त्यांच्या मांडीवर होता आणि त्यावर त्यांचे दोन्ही हात होते.

हार रीतीनं दिला गेला. तिसरी बाई म्हणून कोपऱ्यावरची ती हारवाली स्वतः आली. तिनं हार हातात तोलून पाहिला आणि काही बोलली नाही. गल्लीत याला मोठं प्रशस्तिपत्रक समजतात.

लग्न गावाबाहेरच्या हॉलमध्ये होतं. मी ठेवणीतली साडी नेसले होते आणि मनात पूर्ण भाषण घेऊन गेले होते. हार कोणाचा, हे लोक विचारणारच. मग मी अगदी सहज सांगणार होते की हा आमचाच, आणि मग ओघानं रोखे, फंड, बँकेतले साहेब, दोरीची निवड. गोष्ट रंगवून सांगण्यासारखी झाली होती आणि तिच्यात मीच मूर्ख ठरत असले तरी मुख्य पात्र मीच होते. आम्ही म्हणजे नवरीकडचेच, म्हणून मी सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "ऊठ. मांगं चाल."

"काऊन? इथून चांगलं दिसतं."

"म्हनूनच म्हनतो."

त्यांनी मला थेट शेवटच्या रांगेत, कूलरच्या मागं नेऊन बसवलं. तिथून नवरी दिसायची ती पंख्याच्या पात्यांमधून. बुद्धवंदना सुरू झाली, पांढऱ्या साडीतली नवरी हात जोडून उभी राहिली, आणि हार खरंच फार सुंदर दिसत होता. पानं दिव्यात लखलखत होती. मी हळूच विचारलं की आपण चोरासारखं इथं का बसलोय.

आत्याबाई समोर पाहतच म्हणाल्या, "माह्या लगनात एकदाणीवाली बाई पुढंच बसली होती. मी वाकली का म्हने, जपून वो, माही हाय ते. पाया पडाले वाकली तरी म्हने. साऱ्या मांडवानं ऐकलं. आन् जेवाच्या आंधीच आली, म्हने दे. पंगतीत मी मोकळ्या गळ्यानं बसली. नवरदेव पाहे माह्याकडं."

त्या इतकंच बोलल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मीच रडायच्या बेतात आले. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना देणाऱ्यांत बसायची हौस आहे असं समजत होते. गल्लीत मिरवायचं असेल, असंही मी मनात म्हटलं होतं. आणि त्या कूलरमागं बसल्या होत्या, नवरीच्या नजरेला नजर भिडू नये म्हणून.

मंगल परिणय झाला. फोटो झाले. तेवढ्यात ती म्हातारी मैत्रीण गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आली. हातात घडी घातलेला रुमाल होता.

"उतरवून आनू का वो? जेवाच्या आंधी देऊन टाकते. उगंच जोखीम कायले."

"ऱ्हाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "सासरी जाऊ दे घालून. पयल्यांदा माहेरी येईन तवा आनून देजो."

माझ्या तोंडात तीन वाक्यं एकदम आली. सासर लांब, मुधोळकडचं आहे. विमा काढलेला नाही. बिल अजून माझ्याच पर्समध्ये आहे. ती तिन्ही मी गिळली. म्हातारी रुमाल हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं तो कमरेला खोचला आणि आत्याबाईंच्या दंडावर एकदा हात ठेवून निघून गेली.

पंगतीत आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. नवरी समोरच्या रांगेत नवऱ्याजवळ बसली होती आणि वाकून वरण ओरपत होती. हाराची पानं तिच्या गळ्याशी हलत होती. माझ्या दुसऱ्या बाजूला वराकडची एक बाई होती, जाडजूड, बोलकी. तिनं नवरीकडं निरखून पाहिलं आणि मला कोपर लावून विचारलं, "हार भारी हाय वो. कोनाचा हाय?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठी मी साडी नेसले होते. माझ्याकडं याचं अर्ध्या तासाचं उत्तर तयार होतं. आत्याबाई भात कालवत होत्या आणि त्यांचा हात थांबला.

"तिचाच," मी म्हटलं.

बाई म्हणाली, "वाटतेच," आणि जेवायला लागली. आत्याबाईंनी आपल्या पानातली जिलबी उचलली आणि माझ्या पानात ठेवली.